सिक्युरिटी एजन्सीचा करार एका पानावर कसा आणायचा: फॅसिलिटी मॅनेजरसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करार चाळीस पानांचा असतो आणि तो वाचायला वेळ मिळतो तेव्हा बहुतेक वेळा भांडण सुरू झालेलं असतं. गार्ड किती, कुठे, कोणत्या पाळीत, नाही आला तर काय, आणि बिल कसं तपासायचं, एवढं टेबलावर समोर असलं की महिन्याचं काम निभावतं. पुण्यात ऑफिस इमारतींचं प्रशासन सांभाळताना मला आलेले आणि मीही कधीकाळी दुसऱ्यांना विचारलेले प्रश्न इथे आहेत. उदाहरण एकाच इमारतीचं घेतलंय. त्यातले दर आणि दंडाच्या रकमा हिशेब नीट कळावा म्हणून धरल्या आहेत. तुमच्या करारातले आकडे वेगळे असतील, रीत हीच राहील.

करार हातात आला. सुरुवात कुठून करू?

शेवटून. मुख्य करारात बहुतेक कायदेशीर भाषा असते. आपल्याला लागतं ते परिशिष्टांत असतं: पोस्टची यादी, दरपत्रक, दंडाचा तक्ता. ती तीन पानं आधी काढा. मग मुख्य करारात परत येऊन व्याख्या वाचा. ‘महिना’ म्हणजे काय, ‘ड्यूटी’ म्हणजे किती तास, ‘पाळी’ कधी सुरू होते, हे तिथे लिहिलेलं असतं किंवा नसतं. नसेल तर तेही टिपून ठेवा.

त्यानंतर एक कलम मुद्दाम शोधा: परिशिष्ट आणि मुख्य करार यांत फरक पडला तर कोणतं ग्राह्य धरायचं. आमच्या उदाहरणात मुख्य करार म्हणतो ‘महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनुसार’ आणि दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय ‘२६ दिवसांचा महिना’. दोन्ही एकाच करारात, दोन्हींवर सह्या. या एका विसंगतीची किंमत पुढे दिसेलच.

शेवटी करारानंतरची वर्क ऑर्डर, दरवाढीची पत्रं आणि गार्ड वाढवल्या-कमी केल्याचे ईमेल गोळा करा. करारात पंधरा गार्ड असतात आणि गेटवर सतरा उभे असतात, ते त्या ईमेलमुळे.

सारांशात प्रत्येक ओळीपुढे कलम क्रमांक लिहायलाच हवा का?

हो, न चुकता. तो क्रमांक नसेल तर सारांश म्हणजे तुमचं मत होऊन बसतं आणि एजन्सीचा फील्ड ऑफिसर समोर बसला की मताला किंमत राहत नाही. करारात एखादी गोष्ट नसेल तर ‘करारात नाही’ असं स्पष्ट लिहा. ‘सगळीकडे असंच असतं’ म्हणून आपल्या मनाने रिकामी जागा भरू नका. एक ओळ अशी दिसते:

> रिकामी पोस्ट: ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ रिकामी राहिल्यास त्या ड्यूटीचे पैसे नाहीत, शिवाय ड्यूटी दराच्या निम्मा दंड. कळवण्याची मुदत ४८ तास. (परिशिष्ट क, ४.२)

एवढं पुरतं. कराराची वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर सारांशही चाळीस पानांचा होईल.

तैनातीच्या भागात काय लिहायचं? गार्डची संख्याच ना?

संख्या नाही, पोस्ट. ‘पंधरा गार्ड’ यातून कुठे कोण उभं आहे हे कळत नाही. आमच्या इमारतीच्या पोस्ट अशा आहेत. मुख्य गेटवर प्रत्येक पाळीत दोन गार्ड. बेसमेंट पार्किंगला आणि सीसीटीव्ही रूमला प्रत्येक पाळीत एकेक. हे सगळं तिन्ही पाळ्यांत, आठवड्याचे सातही दिवस. लॉबीत महिला गार्ड, फक्त पहिल्या दोन पाळ्यांत. लोडिंग बे फक्त पहिल्या पाळीत. लॉबी आणि लोडिंग बे रविवारी बंद. प्रत्येक पाळीला एक सुपरवायझर.

आता हे ड्यूट्यांमध्ये मोजा. सुपरवायझर वेगळे ठेवले तर गेटच्या रोज ६, बेसमेंटच्या ३, सीसीटीव्हीच्या ३, लॉबीच्या २ आणि लोडिंग बेची १, अशा दिवसाला १५ ड्यूट्या. ३० दिवसांच्या, चार रविवारांच्या महिन्यात गेट, बेसमेंट आणि सीसीटीव्ही मिळून ३६०, लॉबी आणि लोडिंग बे मिळून ७८. एकूण ४३८. हा आकडा सारांशात ठळक लिहा, कारण बिल याच्याशीच ताडून पाहायचं आहे.

प्रत्येक पोस्टपुढे अट काय आहे तेही लिहा: महिला गार्ड, माजी सैनिक, अग्निशमनाचं प्रशिक्षण घेतलेला, जे असेल ते. आणि एक प्रश्न एजन्सीकडून लेखी सोडवून घ्या: लॉबीत महिला गार्डऐवजी पुरुष गार्ड पाठवला तर पोस्ट भरलेली धरायची की रिकामी? याचं उत्तर मी पाहिलेल्या बऱ्याच करारांत नव्हतं.

पंधरा गार्डचा करार आहे, मस्टरवर पंधरा नावं आहेत. मग तरीही डबल ड्यूटी का लागते?

कारण पंधरा जणांत ४३८ ड्यूट्या होतच नाहीत. माणसाला आठवड्याला एक सुट्टी आहे. महिन्याला तो साधारण २६ ड्यूट्या करतो. पंधरा जणांच्या झाल्या ३९०. उरलेल्या ४८ कोण करणार? कोणी तरी रात्रीची पाळी संपवून सकाळीही थांबतो, नाही तर पोस्ट रिकामी राहते.

४३८ ला २६ ने भागा: १६.८५. म्हणजे सतरा जण हवेत, आणि सतरा जणांच्याही फक्त ४४२ ड्यूट्या होतात. गणपतीत दोघं गावी गेले की गणित मोडलं. अशा साइटला अठरा-एकोणीस नावं मस्टरवर असली पाहिजेत. सुपरवायझरचं तेच: तिघं ७८ ड्यूट्या करतात, लागतात ९०.

त्यामुळे सारांशात ‘रोज किती हजर’ आणि ‘मस्टरवर किती नावं’ असे दोन वेगळे आकडे लिहा. महिन्याच्या १ तारखेला मस्टरवरची नावं मोजली की त्या महिन्यात किती डबल ड्यूट्या होणार ते आधीच कळतं. त्यासाठी महिना संपायची वाट पाहावी लागत नाही. सोळा तास उभ्या असलेल्या माणसाकडून पहाटे चारला जागं राहायची अपेक्षा ठेवणं चूक आहे, आणि ते गणित जुळवायची जबाबदारी एजन्सीइतकीच आपलीही आहे.

पाळ्यांच्या भागात वेळेशिवाय आणखी काय हवं?

तीन गोष्टी. एक, चार्ज देण्या-घेण्याचा वेळ. पाळी सातला सुरू होत असेल तर गार्डने पावणेसातला यायचं की सातला, आणि रिलिव्हर येईपर्यंत जुन्या गार्डने थांबायचं का. दुसरी, रात्रपाळीची तारीख. ३० तारखेच्या रात्री अकराला सुरू झालेली ड्यूटी १ तारखेला सकाळी सातला संपते. ती कोणत्या महिन्यात मोजायची? पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेला मोजावी, हे सोपं. पण लिहिलेलं नसेल तर एकच ड्यूटी दोन बिलांत येऊ शकते. तिसरी, बदली गार्ड किती वेळात यायला हवा: आमच्याकडे दोन तास. करारात काही जण बारा तासांच्या पाळ्या लिहितात. तशा असतील तर आठ तासांनंतरचे चार तास दरात कसे धरलेत ते दरपत्रकात शोधा, कारण कायद्याच्या मर्यादेबाहेरच्या जादा तासांचे पैसे दुपटीने द्यावे लागतात आणि ते दरात नसतील तर कोणाच्या तरी खिशातून जात आहेत.

बिल तपासताना २६ ने भागायचं की ३० ने?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर दरपत्रकातल्या एका ओळीवर ठरतं: ‘रिलिव्हर चार्जेस, एक षष्ठांश’.

गार्डला सहा दिवसांनी एक दिवस सुट्टी. त्या सातव्या दिवशी पोस्टवर दुसरा माणूस लागतो. त्याचा खर्च दोन रीतींनी वसूल होतो. एका रीतीत दर फक्त २६ ड्यूट्यांचा असतो आणि जितक्या ड्यूट्या होतील तितक्यांचे पैसे दर ड्यूटीप्रमाणे दिले जातात. दुसऱ्या रीतीत दरातच एक षष्ठांश रिलिव्हर मिळवलेला असतो. तेव्हा तो दर एका जागेचा अख्ख्या महिन्याचा असतो आणि भागाकार महिन्याच्या दिवसांनी करायचा असतो.

आमच्या दरपत्रकात पगार, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, बोनस, गणवेश सगळं धरून २३,४०० रुपये येतात. सेवाशुल्कही सोयीसाठी त्यातच धरलंय. त्याच्या खाली रिलिव्हरचे ३,९००. एकूण २७,३०० रुपये.

रिलिव्हर सोडून २३,४०० ला २६ ने भागा: ड्यूटीला ९०० रुपये. रिलिव्हर धरून २७,३०० ला ३० ने भागा: ९१० रुपये. दोन्ही रीती जवळजवळ एकाच आकड्यावर येतात, कारण दोन्ही बरोबर आहेत. आता २७,३०० ला २६ ने भागा: १,०५० रुपये. इथे साप्ताहिक सुट्टीचे पैसे दोनदा गेले, एकदा दरात आणि एकदा भागाकारात. ड्यूटीमागे १४० रुपये जास्त. ४३८ ड्यूट्यांवर महिन्याला ६१,३२० रुपये.

मी स्वतः एका साइटवर अशी बिलं चौदा महिने पास केली होती. दर बरोबर, हजेरी बरोबर, बेरीज बरोबर, म्हणून सही केली. चूक लक्षात आली तेव्हा करारातलं दुसरं कलम समोर आलं: बिलाबद्दलचा आक्षेप पंधरा दिवसांत घ्यायचा. शेवटचं एकच बिल दुरुस्त झालं. तेव्हापासून आक्षेपाची मुदत मी सारांशात बिलाच्या भागात पहिल्या ओळीवर लिहितो.

उलटी चूक होऊ शकते का?

होते, आणि ती जास्त वाईट. दरात रिलिव्हर नाही आणि आपण तरी ३० ने भागलं, तर ड्यूटी ७८० रुपयांवर येते. फाइलवर बचत दिसते. पण एजन्सीच्या हातात किमान वेतन, निधी आणि ईएसआय भरायला पैसे उरत नाहीत, आणि ती तूट गार्डच्या सुट्टीच्या पगारातून किंवा न भरलेल्या निधीतून निघते. ठेकेदाराने पगार थकवला तर जबाबदारी मूळ मालकापर्यंत येतेच. म्हणून भागाकार ठरवताना आपल्या फायद्याचा आकडा शोधू नका, दरपत्रकाची ओळ वाचा.

याच्याच जोडीला सहा दिवसांच्या पोस्ट तपासा. लोडिंग बे रविवारी बंद असतो, म्हणजे तिथे साप्ताहिक सुट्टीचा रिलिव्हर लागतच नाही. त्या पोस्टचं बिल अख्ख्या २७,३०० चं येत असेल तर न लागणाऱ्या माणसाचे पैसे जात आहेत.

वजावट आणि दंड एकच ना?

नाही, आणि सारांशात त्यांचे दोन वेगळे रकाने करा. ड्यूटी झालीच नाही तर तिचे पैसे द्यायचे नाहीत. ही वजावट, तिला कलमाचा आधार किंवा नोटीस फारशी लागत नाही. ड्यूटी झाली पण वाईट झाली, किंवा न झाल्याने आपलं नुकसान झालं, त्याबद्दल आकारायचा तो दंड. त्याला मुदत, पुरावा आणि कमाल मर्यादा असते.

दंडाच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: चूक काय, रक्कम किती, किती तासांत लेखी कळवायचं, पुरावा कोणता. आमच्याकडे झोपलेल्या गार्डला ५०० रुपये दंड, ४८ तासांत ईमेल, सोबत वेळ दिसणारा फोटो किंवा सीसीटीव्हीचा तुकडा. महिन्याचा एकूण दंड बिलाच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही.

दंड लावला तर तो गार्डच्या पगारातून कापला जातो. हे थांबवता येतं का?

बऱ्याच अंशी. आपला दंड एजन्सीला असतो, गार्डला नाही. वेतनाच्या कायद्यात कर्मचाऱ्यावरच्या दंडाला मर्यादा आहे: त्या वेतन काळातल्या पगाराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त दंड कापता येत नाही. पोस्ट रिकामी राहिली कारण एजन्सीने माणूसच पाठवला नाही, आणि तो दंड हजर असलेल्या गार्डांमध्ये वाटला गेला, असं मी पाहिलंय. पुढच्या महिन्याच्या वेतनपत्रकात ‘इतर कपात’ हा रकाना बघा. तिथे आकडा आला तर बिल थांबवून विचारा. करार नूतनीकरणाला आला की ‘ग्राहकाने लावलेला दंड गार्डच्या वेतनातून वसूल करणार नाही’ अशी ओळ घालून घ्या.

एका महिन्याचं बिल पूर्ण तपासून दाखवाल का?

तोच ३० दिवसांचा महिना. एजन्सीने ४३८ गार्ड ड्यूट्या १,०५० रुपयांनी आणि ९० सुपरवायझर ड्यूट्या १,२६० रुपयांनी लावल्या. सुपरवायझरचा दर रिलिव्हरसकट ३२,७६० आहे, तोही २६ ने भागलेला. करापूर्वीचं बिल ५,७३,३०० रुपये.

आधी हजेरी. एजन्सीचं मस्टर एका बाजूला, गेटवरचं चार्ज रजिस्टर दुसऱ्या बाजूला. रजिस्टरमध्ये सात ड्यूट्यांना चार्ज घेणाऱ्याची सही नाही, मस्टरवर मात्र हजेरी आहे. पाच ठिकाणी एकाच नावाची सही लागोपाठ दोन पाळ्यांना आहे. बायोमेट्रिक असलं तरी रजिस्टर पाहा: पंच गेटला होतो, पोस्ट बेसमेंटला रिकामी असते.

म्हणजे झालेल्या गार्ड ड्यूट्या ४३१. करारातल्या प्राधान्याच्या कलमानुसार मुख्य करार वरचढ, म्हणून भागाकार ३० ने. गार्ड ९१०, सुपरवायझर १,०९२. गार्डचे ३,९२,२१० आणि सुपरवायझरचे ९८,२८० मिळून ४,९०,४९० रुपये. बिलात आणि यात ८२,८१० चा फरक पडला. त्यातले ७६,४४० निव्वळ भागाकाराचे आहेत आणि ६,३७० सात रिकाम्या ड्यूट्यांचे. भांडण सहसा त्या सात ड्यूट्यांवरून होतं आणि मोठी रक्कम बाजूला राहते.

आता दंड. सात रिकाम्या पोस्ट, प्रत्येकी निम्मा दर ४५५, म्हणजे ३,१८५. विनापरवानगी पाच डबल ड्यूट्या, प्रत्येकी ३००, म्हणजे १,५००. झोपलेले गार्ड दोनदा सापडले होते, पण एका वेळचा ईमेल तिसऱ्या दिवशी गेला. मुदत संपली, तो दंड सोडायचा. उरले ५००. एकूण ५,१८५ रुपये. डबल ड्यूटीत पोस्ट भरलेली होती, म्हणून तिची वजावट नाही, फक्त दंड. त्या गार्डला जादा तासांचे पैसे मिळाले का, हे वेतनपत्रकात वेगळं पाहायचं.

जीएसटी आणि करकपात कशावर?

सुरक्षा सेवेवर जीएसटी १८ टक्के. तो दुरुस्त रकमेवर, म्हणजे ४,९०,४९० वर लागतो. म्हणून एजन्सीकडून क्रेडिट नोट किंवा सुधारित बिल घ्या. जुनं बिल ठेवून कमी पैसे पाठवले तर हिशेब कधीच जुळत नाही. करारभंगाच्या दंडाकडे कर खातं स्वतंत्र सेवा म्हणून पाहत नाही, ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलंय. त्यामुळे दंड वेगळ्या ओळीवर ठेवा आणि नोंद कशी घ्यायची ते लेखा विभागाशी ठरवा.

एजन्सी कंपनी नसून एकट्या मालकाची किंवा भागीदारीची असेल आणि तुमची संस्था जीएसटी नोंदणीकृत असेल, तर २०१९ पासून कर तुम्हाला थेट भरावा लागतो. अशा एजन्सीच्या बिलात जीएसटी लावलेला दिसला तर तिथेच थांबा. एजन्सी कंपनी असेल तर करकपात २ टक्के, जीएसटी वगळून.

दर मध्येच वाढवून मागतात. द्यायचा का?

महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. करारात वैधानिक वाढ आपोआप लागू असेल तर तेवढी द्यावीच लागते. फक्त वाढ कोणत्या ओळींवर जाते ते पाहा: पगार, निधी, ईएसआय, बोनस आणि त्या प्रमाणात रिलिव्हर. गणवेशाचा खर्च भत्त्यामुळे वाढत नाही. सेवाशुल्क टक्क्यांत आहे की ठरावीक रकमेत, हे सारांशात लिहिलेलं असलं की बोलणं पाच मिनिटांत संपतं.

बिलासोबत कोणती कागदपत्रं मागायची?

मागच्या महिन्याची निधी आणि ईएसआय चलनं नावांच्या यादीसह, वेतनपत्रक, बँकेतून पगार गेल्याचा पुरावा. चलनातली नावं आणि मस्टरवरची नावं जुळवा. रिलिव्हर म्हणून आलेल्यांची नावं चलनात नसतात, हे सगळ्यात जास्त वेळा सापडतं. एजन्सीच्या परवान्याची मुदत सारांशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आमचे गार्ड सुरक्षा रक्षक मंडळाचे आहेत. हे सगळं लागू होतं का?

अर्धंच. १९८१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखालच्या मंडळाकडून गार्ड आले असतील तर वेतन आणि त्यावरची लेव्ही मंडळाच्या दराने मंडळाकडेच भरायची असते. तिथे एजन्सीसारखं दरपत्रक नाही आणि दंडाचा तक्ताही नाही. गार्डबद्दलची तक्रार मंडळाकडे जाते. पोस्ट, पाळ्या आणि ड्यूट्यांचा हिशेब मात्र तसाच करा.

सारांश एजन्सीला दाखवायचा का?

दाखवा, आणि दोघांच्या सहीने ठेवा. वर एक ओळ घाला: ‘हा सारांश कामाच्या सोयीसाठी आहे, फरक पडल्यास मूळ करार ग्राह्य.’ फील्ड ऑफिसर बदलला किंवा पोस्ट कमी-जास्त झाली की नवी तारीख टाकून नवी प्रत काढा, जुनी फाइलला लावा. एक प्रत सुपरवायझरच्या टेबलावर असू द्या, पण तीत दर नकोत. पोस्ट, पाळ्या आणि कोणत्या चुकीला दंड आहे एवढंच असावं.